‘आवश्यक तेवढा काळ’ म्हणजे किती दिवस?

कोल्हापुरातल्या माझ्या नात्यातल्या एक वहिनी कांदा-लसूण चटणी आणि तांबड्या रश्श्याचा मसाला घरी करून विकतात. चार वर्षांपूर्वी भाच्याने त्यांना वेबसाइट करून दिली आणि पार्सलं पुणे, मुंबई, पणजी, बेंगळुरूपर्यंत जाऊ लागली. गेल्या वर्षी एका गिऱ्हाइकाचा फोन आला. एकदा मसाला मागवला होता, तेव्हापासून दर आठवड्याला मेसेज येतात, ते बंद कसे करायचे? “तुमच्या साइटवर शोधलं,” त्या बाई म्हणाल्या, “पण तिथं लिहिलेलं काही कळलं नाही.” वहिनींनी साइटच्या तळाशी असलेलं गोपनीयता धोरण पहिल्यांदाच उघडून वाचलं. त्यांनाही कळलं नाही. मग त्यांनी मला बोलावलं, कारण मी मराठी लिहितो.

धोरण कुठल्या तरी इंग्रजी साइटवरून उचललेलं होतं आणि त्याचं मराठी यंत्राने केलेलं होतं. त्यातली दोन कलमं महत्त्वाची. एक संमतीचं:

> या संकेतस्थळाचा वापर करून आपण आपल्या वैयक्तिक माहितीच्या संकलन, प्रक्रिया, धारणा व तृतीय पक्षांस हस्तांतरणास अपरिवर्तनीय संमती प्रदान करीत आहात.

आणि दुसरं माहिती साठवण्याचं:

> आपली माहिती व्यावसायिक हेतूंकरिता आवश्यक तेवढा काळ जतन केली जाईल.

मला वाटलं, अवघड शब्द काढून सोपे घातले की काम झालं. ‘संकलन’च्या जागी ‘घेतो’, ‘धारणा’च्या जागी ‘ठेवतो’. पण पहिलंच वाक्य सोपं करायला बसलो आणि अडलो. ‘आम्ही तुमची माहिती घेतो.’ कोणती? ‘दुसऱ्यांना देतो.’ कोणाला? ‘ठेवतो.’ किती दिवस? जड मराठीत हे प्रश्न पडत नाहीत, कारण ‘जतन केली जाईल’ या वाक्याला कर्ताच नाही. ‘आम्ही’ असा कर्ता घातला की क्रियापद उत्तर मागू लागतं. म्हणून लेखन बाजूला ठेवलं आणि वहिनींबरोबर एका कागदावर आधी दुकानातली माहितीची वाट काढली.

माहिती कुठून कुठे जाते

ऑर्डरच्या फॉर्ममध्ये नाव, पत्ता, पिनकोड, मोबाइल नंबर, ईमेल आणि जन्मतारीख अशी सहा घरं होती. ती माहिती वेबसाइटच्या ऑर्डरींच्या यादीत पडते. तिथून भाचा ती गूगल शीटमध्ये उतरवतो. नाव, पत्ता आणि नंबर कुरियरवाल्याच्या पोर्टलवर जातात आणि लेबलवर छापले जातात. बिलं सीएंकडे जातात. नंबर वहिनींच्या फोनमध्ये ‘पुणे देशपांडे मसाला’ अशा नावाने सेव्ह होतो आणि तिथून व्हॉट्सॲपच्या ब्रॉडकास्ट यादीत. कार्डाचा नंबर मात्र त्यांच्याकडे येतच नाही. पैसे पेमेंट कंपनीच्या पानावर भरले जातात, वहिनींना फक्त व्यवहाराचा क्रमांक दिसतो. ऑक्टोबर २०२२ पासून तर रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार विक्रेत्याला ग्राहकाच्या कार्डाचा नंबर साठवताच येत नाही. तरीही जुन्या धोरणात ‘आम्ही आपल्या कार्डाचा तपशील सुरक्षित ठेवतो’ असं वाक्य होतं. उचललेल्या धोरणाचा हाच धोका असतो. आपण जे करत नाही ते त्यात असतं आणि जे करतो ते नसतं. व्हॉट्सॲपचा त्यात उल्लेखही नव्हता.

जन्मतारीख कशासाठी, असं विचारल्यावर वहिनी म्हणाल्या, “वाढदिवसाला सवलत द्यायची होती. कधी दिली नाही.” ते घर त्याच दिवशी फॉर्ममधून काढलं आणि शीटमधला तो रकाना पुसला. जी माहिती घेतलीच नाही, तिच्याबद्दल धोरणात एक शब्दही लिहावा लागत नाही.

संमती: खूण कोणी करायची?

आता कायद्याकडे. डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा केंद्रीय कायदा २०२३ सालचा. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि दुकानदारावरची बहुतेक बंधनं त्यानंतर अठरा महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ पासून लागू होतात. छोटं दुकान म्हणून यातून आपोआप सुटका नाही. संमतीबद्दल कायदा म्हणतो ते साध्या भाषेत असं: ती दबावाशिवाय दिलेली हवी, एका ठरावीक कामापुरती हवी, समजून-उमजून दिलेली हवी, तिला अट जोडलेली नको, आणि ग्राहकाने स्वतः काही कृती करून दिलेली हवी.

या कसोटीवर जुनं कलम शब्दागणिक कोसळतं. ‘संकेतस्थळाचा वापर करून’ ही संमती देण्याची कृती नाही, पान उघडणं म्हणजे हो म्हणणं नव्हे. चार वेगवेगळ्या गोष्टी एकाच ‘हो’मध्ये बांधल्या आहेत, म्हणजे ती ठरावीक कामापुरती नाही. आणि ‘अपरिवर्तनीय’ हा शब्द तर थेट कायद्याविरुद्ध आहे. संमती केव्हाही मागे घेता येते आणि ती मागे घेणं देण्याइतकंच सोपं असलं पाहिजे, असं कायद्यात स्पष्ट आहे.

इथे एक गाठ आधी सोडवावी लागली. मसाला पोचवायला पत्ता लागतोच. मग पत्त्यासाठीही संमती मागायची का? ग्राहकाने ठरावीक कामासाठी माहिती आपणहून दिली असेल, तर त्या कामापुरती ती वापरायला कायदा मोकळीक देतो. त्याच कायद्यात औषधाच्या दुकानाचं उदाहरण आहे. गिऱ्हाईक औषध घेतं आणि पैसे मिळाल्याचा मेसेज पाठवा म्हणून मोबाइल नंबर देतं. दुकानदाराने त्या नंबरवर तो मेसेज पाठवावा. वहिनींचं तसंच आहे. ऑर्डरसाठी दिलेला पत्ता पार्सलासाठी वापरला तर प्रश्न नाही. पण पार्सलासाठी दिलेला नंबर ‘नवीन शेंगदाणा चटणी आली आहे’ हे सांगायला वापरला, तर ते दुसरं काम झालं. तिथे वेगळं ‘हो’ हवं. फोन करणाऱ्या त्या बाईंची तक्रार नेमकी इथली होती.

म्हणून आम्ही संमतीचं कलम दोन भागांत तोडलं. पहिला भाग संमती मागत नाही, फक्त सांगतो:

> ऑर्डर पोचवण्यासाठी आम्ही तुमचं नाव, पत्ता, मोबाइल नंबर आणि ईमेल घेतो. नाव, पत्ता आणि नंबर कुरियर कंपनीला देतो. बिल आमच्या सीएंकडे जातं. याशिवाय ही माहिती आम्ही कोणाला देत नाही, विकत नाही.

दुसरा भाग धोरणात दडवून न ठेवता ऑर्डरच्या पानावर, पैसे भरण्याच्या बटणाच्या वर ठेवला. नव्या नियमांत एक नेमकी अट आहे: संमती मागतानाची सूचना स्वतंत्रपणे वाचून कळली पाहिजे, इतर मजकुराच्या गर्दीत मिसळलेली चालत नाही. कोणती माहिती, कोणत्या कामासाठी, संमती मागे कशी घ्यायची आणि तक्रार कुठे करायची, हे तिच्यातच सापडलं पाहिजे. आमचा मजकूर असा झाला:

> ☐ नव्या मालाची आणि सवलतीची माहिती मला व्हॉट्सॲपवर पाठवा.
> यासाठी आम्ही फक्त तुमचं नाव आणि मोबाइल नंबर वापरू. खूण केली नाही तरी ऑर्डर मिळेल. मेसेज नको झाले तर आमच्या कोणत्याही मेसेजला ‘बंद’ असं उत्तर पाठवा. तक्रार असेल तर आम्हाला कळवा. उत्तराने समाधान झालं नाही तर डेटा संरक्षण मंडळाकडे जाता येतं.

‘आम्हाला कळवा’ आणि ‘डेटा संरक्षण मंडळ’ या शब्दांना दुवे जोडले. चौकट रिकामी ठेवली, हे मुद्दाम सांगतो. भाच्याने ती आधी खूण घालूनच ठेवली होती, “नाहीतर कोण करणार?” या विचाराने. आधीच केलेली खूण ग्राहकाची नसते, दुकानदाराची असते. ऑनलाइन खरेदीची संमती अशा आयत्या खुणेने घ्यायला २०२०च्या ई-कॉमर्स नियमांनी आधीपासूनच मनाई आहे.

शब्दांबद्दलही एक गोष्ट. चौकटीपुढचं वाक्य आधी ‘मी मेसेज मिळण्यास संमती देतो’ असं होतं. वहिनी म्हणाल्या, “माझी निम्मी गिऱ्हाइकं बायका आहेत.” ‘देतो/देते’ लिहिलं तर वाक्य सरकारी अर्जासारखं दिसतं. ‘मला पाठवा’ म्हटलं की लिंगाचा प्रश्नच उरत नाही आणि वाक्य ग्राहकाच्या तोंडचं होतं.

‘बंद’ पाठवून पाहिलं

मजकूर चांगला झाला म्हणून आम्ही थांबलो नाही. वहिनींच्या सासूबाईंच्या फोनवरून ‘बंद’ असा मेसेज पाठवला. वहिनींनी तो नंबर आपल्या ब्रॉडकास्ट यादीतून काढला. पुढच्या सोमवारी सासूबाईंच्या फोनवर पुन्हा सवलतीचा मेसेज आला. शोधल्यावर कळलं की भाच्याच्या फोनवर जुनी, दुसरी यादी होती आणि सणांचे मेसेज तिथून जात होते. दोन फोन, दोन याद्या, आणि ‘बंद’ फक्त एकीलाच माहीत. वाक्य खरं होण्यासाठी दुसरी यादी मोडावी लागली.

आता शीटमध्ये प्रत्येक नंबरापुढे तीन रकाने आहेत: हो कधी म्हटलं, तेव्हा चौकटीपुढे कोणता मजकूर होता, आणि बंद कधी केलं. मधला रकाना अनेकांना अनावश्यक वाटेल. पण वाद झाला तर सूचना दिली होती आणि संमती घेतली होती हे सिद्ध करण्याची जबाबदारी कायद्याने दुकानदारावर टाकली आहे. मजकूर वर्षभराने बदलला तर कोणी कशाला हो म्हटलं होतं, हे त्या रकान्यातूनच कळतं. आधीच्या गिऱ्हाइकांनी तर कशालाच हो म्हटलेलं नव्हतं. त्यांना वहिनींनी एकच मेसेज पाठवला: ‘पुढेही माहिती हवी असेल तर “हो” पाठवा. उत्तर आलं नाही तर आम्ही मेसेज पाठवणार नाही.’ यादी बरीच लहान झाली. उरली ती स्वतःहून हो म्हटलेल्यांची.

‘बंद’ म्हटलेल्याचा नंबर समूळ पुसला, तर पुढच्या महिन्यात तो चुकून पुन्हा यादीत शिरला तरी कोणाला कळणार नाही. म्हणून तो नंबर ‘पाठवू नये’ अशा छोट्या यादीत ठेवावा लागतो, आणि ते धोरणात तसंच लिहिलं. शिवाय ‘बंद’ म्हणणाऱ्याची एखादी ऑर्डर वाटेत असेल तर ती थांबत नाही. पैसे भरून झालेल्या ऑर्डरचा माल पोचवण्यापुरती माहिती वापरता येते, हेही कायद्यातल्या उदाहरणात आहे.

किती दिवस ठेवायचं?

दुसरं कलम जास्त अवघड निघालं. ‘आवश्यक तेवढा काळ’ या शब्दांत दुकानदाराला हवं ते सगळं मावतं. पण ग्राहकाला त्यातून एकही तारीख मिळत नाही. कायद्याचं तत्त्व सोपं आहे. काम संपलं किंवा संमती मागे घेतली, यातलं जे आधी होईल तेव्हा माहिती पुसा. दुसऱ्या एखाद्या कायद्याने ठेवायला सांगितली असेल तर मात्र ठेवा.

भाच्याने एका तयार नमुन्यात ‘तीन वर्षं’ असं वाचलं होतं. तो आकडा नियमांत आहे खरा, पण तो किमान दोन कोटी नोंदणीकृत वापरकर्ते असलेल्या ई-कॉमर्स कंपन्यांसाठी आहे. वहिनींसारख्यांना तयार आकडा नाही. प्रत्येक कामाचा शेवट कधी होतो, हे त्यांनीच ठरवायचं.

मग दिवाळी २०२५ची एक ऑर्डर समोर घेतली: दोन किलो चटणी, पत्ता पणजीचा. त्यातल्या प्रत्येक गोष्टीला विचारलं, तुझं काम कधी संपतं?

बिलाचं उत्तर सर्वांत लांबचं. दुसऱ्या राज्यात माल पाठवायचा म्हणून वहिनींनी जीएसटी नोंदणी केली आहे. जीएसटी कायद्यानुसार हिशेबाचे कागद त्या वर्षाचं वार्षिक विवरणपत्र भरण्याच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने ठेवावे लागतात. पुष्कळ जण याला ‘सहा वर्षं’ म्हणतात आणि तिथेच चुकतात. ऑक्टोबर २०२५चं बिल २०२५-२६ या आर्थिक वर्षात येतं. त्या वर्षाच्या विवरणपत्राची अंतिम तारीख ३१ डिसेंबर २०२६. तिथून ७२ महिने मोजले की ३१ डिसेंबर २०३२ येते. म्हणजे बिल सात वर्षांहून जास्त ठेवावं लागतं, आणि चौकशी किंवा अपील चालू असेल तर त्याहूनही जास्त.

पण ठेवायचं ते बिल, सगळी ऑर्डर नव्हे. वहिनींच्या बिलावर मोबाइल नंबर आणि ईमेलही छापले जात होते, केवळ सॉफ्टवेअरच्या नमुन्यात ती घरं होती म्हणून. जीएसटीच्या बिलावर ग्राहकाचा फोन नंबर लागत नाही. नोंदणी नसलेल्या ग्राहकाचं बिल ५० हजारांच्या आत असेल तर नाव-पत्ताही त्याने मागितला तरच लिहायचा असतो. दुसऱ्या राज्यात माल जात असेल तर राज्याचं नाव मात्र लागतं. सीएंना विचारून बिलावरचा नंबर आणि ईमेल काढला. सात वर्षं जपायच्या कागदावरून गिऱ्हाइकाचा फोन असा उतरला.

राहिली ऑर्डरची नोंद, म्हणजे पत्ता, नंबर, ईमेल आणि झालेलं बोलणं. भाचा उत्साहाने म्हणाला, “पार्सल पोचलं की आठ दिवसांत पुसतो असं लिहू या, लोकांना आवडेल.” आवडेल, पण ते पाळता येणार नाही. ग्राहकाला ग्राहक आयोगात तक्रार करायला दोन वर्षांची मुदत असते. डबा फुटका निघाला, माल खराब निघाला असा वाद आला तर नोंद हवी. शिवाय नव्या नियमांत माहिती आणि तिच्या वापराच्या नोंदी किमान एक वर्ष ठेवण्याचीही अट आहे. आठ दिवसांचं वचन तिथेच मोडलं असतं. पाळता न येणारं छोटं वचन मोघम वचनापेक्षा बरं नसतं. दोन वर्षं हा आकडा असा ठरला. कलम असं झालं:

> तुमची माहिती आम्ही किती दिवस ठेवतो
> ऑर्डरची नोंद (नाव, पत्ता, नंबर, ईमेल, आपलं बोलणं): पार्सल तुम्हाला मिळाल्यापासून दोन वर्षं. तोपर्यंत माल बदलून देणं किंवा तक्रार सोडवणं यासाठी ती लागते.
> बिल: जीएसटी कायद्याने सांगितलेल्या मुदतीपर्यंत. उदाहरणार्थ, दिवाळी २०२५चं बिल ३१ डिसेंबर २०३२ पर्यंत. बिलावर तुमचा फोन नंबर नसतो.
> व्हॉट्सॲपची यादी: तुम्ही ‘बंद’ म्हणेपर्यंत. त्यानंतर तुमचा नंबर फक्त ‘पाठवू नये’ या यादीत राहतो, म्हणजे चुकूनही मेसेज जाऊ नये.
> मुदत संपलेली माहिती आम्ही दर तीन महिन्यांनी पुसतो. वेबसाइटच्या बॅकअपमधून ती जायला आणखी ३० दिवस लागतात.

‘पार्सल तुम्हाला मिळाल्यापासून’ हे शब्द पहिल्या मसुद्यात नव्हते. आम्ही तो सासूबाईंना मोठ्याने वाचून दाखवला आणि तीन प्रश्न विचारले: तुमचा नंबर कोणाकोणाकडे जातो, मेसेज थांबवायचे तर काय करायचं, आणि पत्ता किती दिवस राहतो? पहिली दोन उत्तरं त्यांनी चटकन दिली. तिसऱ्याला त्या म्हणाल्या, “दोन वर्षं, पण कधीपासून? मी ऑर्डर दिल्यापासून, का माल आल्यापासून?” मुदत लिहिली की तिची सुरुवातही लिहावी लागते, हे आम्हा तिघांपैकी कोणाच्या लक्षात आलं नव्हतं. कलम कळलं का, हे वकिलाला किंवा लिहिणाऱ्याला विचारून उपयोग नाही. ते न लिहिलेल्या माणसाला वाचून दाखवायचं आणि प्रश्न विचारायचे. वकिलांना आम्ही नंतर दाखवलं, आणि तेही आवश्यकच.

शेवटचा प्रश्न इंग्रजीचा. साइटवर दोन्ही भाषा आहेत, आणि जुन्या धोरणात ‘तफावत आढळल्यास इंग्रजी मजकूर ग्राह्य’ असं होतं. संमतीची सूचना इंग्रजीत किंवा आठव्या अनुसूचीतल्या भाषेत वाचण्याचा पर्याय ग्राहकाला द्यावा, असं कायदा सांगतो. त्या २२ भाषांत मराठी आहे. ज्याने मराठी वाचून हो म्हटलं, त्याला नंतर इंग्रजी मजकूर दाखवणं बरोबर नाही. ते वाक्य काढलं, मराठी मजकूर मूळ धरला आणि इंग्रजी त्यावरून करून घेतलं.

माहिती पुसण्याच्या तारखा वहिनींच्या स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयावर लाल पेनाने लिहिलेल्या आहेत: १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै, १ ऑक्टोबर. त्या दिवशी भाचा शीट, वेबसाइटची यादी आणि दोन्ही फोन घेऊन बसतो. तुमचंही छोटं ऑनलाइन दुकान असेल, तर आज आपलं धोरण उघडा आणि माहिती साठवण्याच्या कलमात एखादी तारीख किंवा मुदत सापडते का पाहा. सापडली नाही तर ते कलम अजून लिहायचं आहे. सापडली तर ती भिंतीवरच्या कॅलेंडरवर आहे का, तेही पाहा.